दाखल्यावरचा 'हूम': हू कुठे, हूम कुठे आणि आज त्याचं काय करायचं

पंचायतीतून रहिवासाचा दाखला आणा, शाळेतून बोनाफाईड आणा किंवा आधीच्या नोकरीच्या ठिकाणाहून अनुभवाचं पत्र आणा, माथ्यावर ठळक अक्षरांत एक ओळ हमखास असते: 'टू हूम इट मे कन्सर्न'. काही कागदांवर तीच ओळ 'टू हूमसोएव्हर' अशी लांबलेली दिसते, तर एखाद्या कागदावर 'टू हूसोएव्हर'. कागद तिन्ही चालून जातात, पण इंग्रजी म्हणून त्यांतली एक ओळ चूक आहे. आणि ती का चूक हे विचारलं तर दाखला टाईप करणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही.

गोव्यात हा गोंधळ जास्त जाणवतो, त्याला कारण आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांतली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. 'कर्त्याला हू, कर्माला हूम' हा नियम त्यांना एका ओळीत मिळतो. ओळ खरी आहे. पण वाक्य जरा लांबलं की कर्ता कोणता आणि कर्म कोणतं हेच ओळखता येत नाही, आणि मग माणूस कानाला जे भारदस्त वाटेल ते लिहितो. खरं तर ही अडचण सोडवायची हत्यारं मराठीत आयती आहेत. इंग्रजीत एका 'म'वर जे लटकलेलं आहे, ते आपण 'जो', 'ज्याने', 'ज्याला' असं उघडपणे बोलत असतो.

## मुळात फरक काय?

क्रिया करतो तो कर्ता, ती क्रिया ज्याच्यावर होते ते कर्म. मराठीत शब्दाचं रूपच हे सांगतं: 'तो आला', पण 'त्याला बोलावलं'. इंग्रजीत नामांची अशी रूपं केव्हाच झिजून गेली. सर्वनामांत तेवढी शिल्लक राहिली: 'ही' आणि 'हिम', 'दे' आणि 'देम', आणि त्याच रांगेत 'हू' आणि 'हूम'. 'हिम', 'देम' आणि 'हूम' यांच्या शेवटी एकच 'म' आहे, हा योगायोग नाही. जुन्या इंग्रजीत हा 'म' चतुर्थीचा, म्हणजे 'कोणाला दिलं' यातल्या 'ला'चा प्रत्यय होता. पुढे द्वितीयेचं वेगळं रूप मागे पडलं आणि तिचं कामही याच रूपाकडे आलं. मराठी व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींना 'स, ला, ते' हेच प्रत्यय शिकवतात, तसंच काहीसं.

यातून सर्वांत साधी चाचणी निघते. प्रश्नाचं उत्तर 'ही' किंवा 'हिम' वापरून द्यायचं. उत्तरात 'ही' आला तर 'हू', 'हिम' आला तर 'हूम'. 'दार कोणी उघडलं?' याचं उत्तर 'ही ओपन्ड इट', म्हणून 'हू ओपन्ड द डोअर?'. 'तू कोणाला बोलावलंस?' याचं उत्तर 'आय इन्व्हायटेड हिम', म्हणून काटेकोर इंग्रजीत 'हूम डिड यू इन्व्हाइट?'. 'म'ला 'म' जोडला की झालं.

इतपत बहुतेकांना जमतं. घोळ होतो तो 'हू' प्रश्न विचारत नसून दोन वाक्यं जोडत असतो तेव्हा, म्हणजे मराठीत जिथे 'जो' येतो तिथे.

## चूक नेमकी कुठे होते?

वर्तमानपत्रात किंवा प्रेसनोटमध्ये नेहमी दिसणाऱ्या घडणीचं एक वाक्य घेऊ. म्हापशाच्या बाजारातून तीन स्कूटर चोरीला गेल्या आणि पोलिसांनी एकाला पकडलं. बातमी लिहिली जाते: 'पोलीस अरेस्टेड अ मॅन हूम दे सेड हॅड स्टोलन थ्री स्कूटर्स.'

इथे 'हूम' चुकीचा आहे. लिहिणाऱ्याची समजूत अशी झाली की माणसाला पोलिसांनी पकडलं, म्हणजे तो कर्म. शिवाय 'हूम'च्या लगेच पुढे 'दे सेड' आहे, म्हणजे 'दे' हा कर्ता आलाच, मग मागचा शब्द कर्मच असणार. दोन्ही समजुती फसव्या आहेत, म्हणून वाक्य सावकाश सोडवून बघू.

आधी 'हूम'च्या मागचा सगळा भाग झाकून टाकायचा. पोलिसांनी कोणाला पकडलं याच्याशी या शब्दाचं रूप ठरताना काही संबंध नाही. रूप ठरतं ते त्याच्या पुढच्या वाक्यात त्याला काय काम आहे यावरून. उरतं ते 'दे सेड हॅड स्टोलन थ्री स्कूटर्स'. आता 'दे सेड' हा मध्येच घुसलेला भाग बाजूला काढायचा, कारण ते 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' एवढंच सांगतं. उरलं 'हॅड स्टोलन थ्री स्कूटर्स'. या क्रियापदाला कर्ता हवा. 'ही हॅड स्टोलन' की 'हिम हॅड स्टोलन'? अर्थात 'ही'. म्हणून 'अ मॅन हू दे सेड हॅड स्टोलन थ्री स्कूटर्स'.

आता हेच मराठीत म्हणून बघा: 'ज्याने तीन स्कूटर चोरल्या असं पोलिसांचं म्हणणं आहे, त्याला पकडलं.' तोंडातून 'ज्याने'च येतं. 'ज्याला तीन स्कूटर चोरल्या' असं कोणीही म्हणणार नाही. पकडल्याचा 'ला' मराठीत 'त्याला'वर बसतो, चोरीचा 'ने' 'ज्याने'वर बसतो. दोन कामांना दोन शब्द आहेत, म्हणून चूक होतच नाही. इंग्रजी दोन्हींची गाठ एकाच 'हू'पाशी मारते, आणि लिहिणारा त्या गाठीचा चुकीचा दोरा ओढतो.

अशी मध्ये घुसणारी क्रियापदं थोडीच आहेत आणि ओळखीची आहेत: 'से', 'थिंक', 'बिलीव्ह', 'नो', 'सस्पेक्ट', 'क्लेम'. 'हूम'च्या पाठोपाठ यांपैकी एखादं दिसलं की थांबून बघायचं: पुढे आणखी एक क्रियापद कर्त्यावाचून उभं आहे का? असेल तर तो कर्ता म्हणजे हा शब्दच, आणि त्याचा 'म' काढायला हवा.

मात्र तेच वाक्य किंचित बदललं तर उत्तर उलटं होतं. 'अ मॅन हूम दे बिलीव्ह्ड टू बी द थीफ' यात 'हूम' बरोबर आहे, कारण 'दे बिलीव्ह्ड हिम टू बी द थीफ' असंच म्हणावं लागतं. 'अ मॅन हू दे बिलीव्ह्ड वॉज द थीफ' यात 'वॉज'ला कर्ता हवा होता. 'टू बी'ला तसा कर्ता लागत नाही. मराठी इथेही बरोबर चालते: 'ज्याला पोलीस चोर समजत होते' यात 'ला' आला, म्हणून 'हूम'. 'जो चोर आहे असं पोलीस समजत होते' यात 'जो' आला, म्हणून 'हू'. अर्थ जवळजवळ एकच आहे, फक्त वाक्याची बांधणी वेगळी. आणि 'म' बांधणीकडे बघतो, अर्थाकडे नाही.

## ही चूक आजची नाही

इंग्रजी बायबलचं 1611 सालचं एक प्रसिद्ध भाषांतर आहे. त्यात मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू शिष्यांना विचारतो: 'बट हूम से यी दॅट आय अ‍ॅम?' मराठीत हा प्रश्न 'पण तुम्ही मला कोण म्हणता?' असा होईल. व्याकरणाच्या हिशेबाने इंग्रजीत 'हू' हवं होतं, कारण 'आय अ‍ॅम ही' यातला तो 'ही' आहे. नंतरच्या बहुतेक भाषांतरांत तो 'हू' केलेला दिसतो.

भाषांतरकार विद्वान होते, मग 'हूम' आलं कुठून? मूळ ग्रीक वाक्यात क्रियापद 'असणे' अशा, कर्त्यानुसार न बदलणाऱ्या रूपात आहे, म्हणजे वरच्या 'टू बी'सारखं. त्या बांधणीत 'कोण' या शब्दाला कर्माचंच रूप लागतं. लॅटिनमध्येही तसंच. भाषांतरकारांनी क्रियापद बदलून 'आय अ‍ॅम' केलं, पण सर्वनामाचा 'म' तसाच राहू दिला. म्हणजे म्हापशाच्या बातमीत जो घोटाळा झाला, तोच इथे चारशे वर्षांपूर्वी दुसऱ्या वाटेने झाला. मराठी वाक्यात मात्र 'मला'ला 'ला' लागला आहे आणि 'कोण' कोराच राहिला आहे.

## फोनवरचं वाक्य

हॉटेलच्या रिसेप्शनवर किंवा दवाखान्याच्या टेबलावर काम करणाऱ्यांना रोज लागणारी दोन वाक्यं इथेच बघून घेऊ. फोन येतो, पलीकडच्याला साहेबांशी बोलायचं असतं. आपण मराठीत विचारतो, 'कोण बोलतंय म्हणून सांगू?' इंग्रजीत ते 'हू शॅल आय से इज कॉलिंग?' 'आय से' मध्ये घुसलेलं आहे. ते काढलं की 'हू इज कॉलिंग' उरतं. अदबीच्या नादात इथे 'हूम' घालणारे बरेच आहेत, आणि ते चूक आहे.

दुसरं वाक्य: 'मी कोणाशी बोलतोय?' इथे 'शी' आहे, म्हणजे 'विथ हिम', म्हणजे काटेकोर रूप 'विथ हूम अ‍ॅम आय स्पीकिंग?' पण फोनवर हे फार ताठ वाटतं. 'हू अ‍ॅम आय स्पीकिंग विथ?' हे आज सर्रास चालतं, आणि समोरच्याच्या कानाला ते बरंही वाटतं.

इथे एक समजूत दूर करायला हवी. 'हूम' हे आदरार्थी रूप नाही. 'तू'ऐवजी 'आपण' म्हटल्याने जसा मान दिला जातो, तसा 'हू'ऐवजी 'हूम' म्हटल्याने दिला जात नाही. वाक्यात त्याला जागा नसेल तर तो फक्त चुकीचा प्रत्यय ठरतो, 'रामाला आला' म्हणण्यासारखा.

## मराठीचा 'ला' कुठे फसवतो?

मराठीला सतत विचारून चालायचं, तर तिच्या खोड्याही माहीत हव्यात. 'ज्याला' दिसलं की 'हूम' लिहायचं, असा सरसकट नियम केला तर घात होईल.

मराठीत भूक 'आपल्याला' लागते, पोहणं 'आपल्याला' येतं, चहा 'आपल्याला' आवडतो, पैसे 'आपल्याला' पाहिजे असतात. या सगळ्यांत 'ला' लागलेला माणूस इंग्रजीत कर्ता होतो: 'ही इज हंग्री', 'ही कॅन स्विम', 'ही लाइक्स टी', 'ही वॉन्ट्स मनी'. म्हणून 'ज्याला पोहता येतं तो' म्हणजे 'हू कॅन स्विम', 'हूम' नव्हे. जीवरक्षकाच्या जागेची जाहिरात इंग्रजीत करताना 'कॅन्डिडेट्स हूम कॅन स्विम' असं लिहून गेलं, तर मूळ मराठी वाक्यातला 'ला' तिथे झिरपलेला असतो. 'ज्याच्याकडे लायसन्स आहे' याचंही तसंच. मराठीत 'कडे' आहे, इंग्रजीत 'हू हॅज अ लायसन्स'.

ओळखायचं कसं? 'ला' लागलेल्या माणसावर दुसरा कोणी काही करतो आहे का, ते बघायचं. 'ज्याला मालकाने बोलावलं' यात मालक बोलावतो आहे, म्हणून 'हूम'. 'ज्याला भूक लागली' यात त्याच्यावर कोणी काही केलेलं नाही. इंग्रजी तिथे त्यालाच कर्ता करते. आणि 'ज्याने' असेल तर विचारच करायला नको, कारण 'ने' लागलेला माणूस इंग्रजीत 'हू'च होतो.

कोकणीतही रचना अशीच आहे. तिथला 'जाका' म्हणजे आपला 'ज्याला', आणि 'जाका जाय ताका दी' हे वाक्य पुढच्याच मुद्द्याला लागू पडतं.

## 'जो येईल त्याला' आणि हूएव्हर

'गिव्ह द टोकन टू…' पुढे काय, 'हूएव्हर कम्स फर्स्ट' की 'हूमएव्हर कम्स फर्स्ट'? 'टू' समोर दिसतो म्हणून बरेच शिकलेले लोकही 'हूमएव्हर' लिहितात. 'टू हिम' म्हणतात ना, मग 'म' हवाच, असा त्यांचा हिशेब.

मराठीत म्हणा: 'जो आधी येईल त्याला टोकन दे.' इथे दोन शब्द आहेत, 'जो' आणि 'त्याला'. 'टू'चा संबंध 'त्याला'शी आहे. इंग्रजी हा 'त्याला' गिळून टाकते आणि फक्त 'जो' लिहिते. म्हणून 'टू हूएव्हर कम्स फर्स्ट' हेच बरोबर. 'कम्स'ला कर्ता हवा आहे आणि तो हाच शब्द आहे.

उलट 'तू ज्याला निवडशील त्याला टोकन दे' यात 'जो'च्या जागी 'ज्याला' आला, आणि निवडणारा दुसरा आहे. म्हणून 'टू हूमएव्हर यू चूज'. आणि 'ज्याला पाहिजे त्याला दे', म्हणजेच कोकणीतलं 'जाका जाय ताका दी', याचं 'गिव्ह इट टू हूएव्हर वॉन्ट्स इट' होतं, कारण हा 'ला' वर सांगितलेला फसवा 'ला' आहे.

'जो–तो' ही मराठीची जोडी इथे फार मोलाची आहे. इंग्रजीच मातृभाषा असलेल्यांना हा नियम बराच वेळ समजावावा लागतो, कारण त्यांच्या भाषेत ही जोडी फोडून दाखवणारं काही नाही.

## मग दाखल्यावरची ओळ?

आता सुरुवातीच्या कागदाकडे वळू. 'टू हूम इट मे कन्सर्न' मध्ये 'हूम' का, असं विचारलं तर दहापैकी नऊ जण सांगतील, 'टू आहे म्हणून'. पण 'टू हूएव्हर कम्स फर्स्ट' मध्येही 'टू' होताच, आणि तिथे 'हू' आलं. खरं कारण पुढच्या 'कन्सर्न'मध्ये आहे. 'इट मे कन्सर्न हिम', म्हणजे या पत्राचा संबंध ज्याला लागेल त्याला. कर्ता 'इट' आहे, कर्म तो अनोळखी वाचणारा.

'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' हे आपल्याकडच्या कचेऱ्यांचं लाडकं रूप. व्याकरणाने ते चूक नाही, 'म' जागेवर आहे, फक्त विनाकारण लांब आहे. 'टू हूसोएव्हर इट मे कन्सर्न' मात्र चूक, कारण 'इट मे कन्सर्न ही' असं होत नाही. गंमत अशी की ओळ थोडी फिरवून 'टू हूएव्हर मे बी कन्सर्न्ड' केली तर तिथे 'हू'च लागेल. 'जो संबंधित असेल त्याला' असं ते झालं.

ही ओळ कुठे वापरायची तेही पाहायला हवं. दाखला धारकाच्या हातात द्यायचा असतो आणि तो पुढे बँकेत दाखवेल, पासपोर्टसाठी दाखवेल की कॉलेजात, हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. तिथे ही ओळ योग्यच आहे. पण नोकरीचा अर्ज किंवा तक्रारीचं पत्र एका ठरलेल्या कचेरीला जातं. तिथे पदाचा उल्लेख करून लिहावं. माणूस माहीत असून त्याला 'ज्याचा संबंध असेल त्याला' म्हणणं मराठीत जितकं विचित्र वाटेल तितकंच इंग्रजीतही वाटतं.

## सगळेच 'हू' म्हणतात, तर हे हवं कशाला?

आक्षेप रास्त आहे. एडवर्ड सपीर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1921 साली लिहून ठेवलं होतं की दोनशेएक वर्षांत 'हूम डिड यू सी?' असं मोठमोठे कायदेपंडितही म्हणणार नाहीत. ती मुदत संपायला अजून जवळपास शंभर वर्षं आहेत, पण बोलण्यात ते कधीच खरं ठरलं आहे. प्रश्नाच्या सुरुवातीला 'हू' म्हटलं तर आज कोणी चूक काढत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर, घरच्या पत्रात, दुकानाच्या फलकावर 'हू डिड यू मीट?' निर्धास्त लिहावं. त्याचं कारण सपीरच्या काळातही दिसत होतं: इंग्रजीत क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची असते, आणि त्या जागेवर बसलेला कर्माचा 'म' कानाला खटकतो.

पण तो 'म' सगळीकडून गेलेला नाही. तीन जागा अजून त्याच्याच आहेत.

पहिली आणि सर्वांत पक्की जागा म्हणजे 'टू', 'विथ', 'फॉर', 'ऑफ' यांसारख्या शब्दांच्या लगेच पुढची, जेव्हा मराठीत तिथे 'ज्याच्याशी', 'ज्याच्यासाठी', 'ज्यांतले' असं येतं. ट्रॉलर बुडाल्याची बातमी घ्या: बारा खलाशी होते, त्यांतले तिघे ओडिशाचे. 'ट्वेल्व क्रू मेंबर्स, थ्री ऑफ हूम आर फ्रॉम ओडिशा.' इथे 'थ्री ऑफ हू' हे बोलण्यातसुद्धा चालत नाही. 'ऑल ऑफ हूम', 'सम ऑफ हूम', 'मोस्ट ऑफ हूम' यांनाही पर्याय नाही. 'हूम' कधीच वापरत नाही असं सांगणारे लोकही इथे नकळत तोच वापरतात.

'टू'च्या बाबतीत मात्र पळवाट आहे. 'द ऑफिसर टू हूम आय स्पोक' हे औपचारिक, आणि 'द ऑफिसर आय स्पोक टू' हे रोजचं. दोन्ही चांगली. 'द ऑफिसर टू हू आय स्पोक' हे मात्र धड इथलं नाही आणि धड तिथलं नाही. अर्धं कोट-पँट, अर्धी लुंगी, असं ते दिसतं.

दुसरी जागा स्वल्पविरामानंतरची. 'द डॉक्टर आय मेट' यात 'हूम' गाळलेला आहे, आणि ते उत्तमच. छापील इंग्रजीत बहुतेक 'हूम' अशा रीतीने नुसता गाळता येतो, तोच सर्वांत सोपा उपाय. पण माहिती स्वल्पविराम देऊन जोडलेली असेल, म्हणजे 'द सरपंच, हूम द मेंबर्स इलेक्टेड इन जून, …' अशी, तर गाळता येत नाही. 'द सरपंच, द मेंबर्स इलेक्टेड' हे वाक्यच मोडतं. प्रतिज्ञापत्र, न्यायालयातला अर्ज, संशोधन-निबंध, अहवाल, कंपनीचं अधिकृत पत्र यांत अशा जागी 'हूम' अपेक्षित आहे.

तिसरी जागा परीक्षा. वाक्यातली चूक शोधा, अशा प्रश्नांत जुना नियम पूर्ण धरला जातो. 'हू डिड यू मीट?' तिथे चूक ठरू शकतं. पेपरात लिहिताना 'म' घालावा, बाहेर येऊन मित्राला विचारताना सोडून द्यावा.

## गाळता येतो का, ही चाचणी पुरेशी आहे का?

अनेक शिक्षक एक सोपी खूण सांगतात: शब्द गाळून वाक्य टिकत असेल तर तो कर्म, म्हणजे 'हूम', टिकत नसेल तर कर्ता, म्हणजे 'हू'. 'द मॅन आय मेट' टिकतं. 'द मॅन केम यस्टरडे इज हिअर' टिकत नाही. साध्या वाक्यांना ही खूण छान लागू पडते.

पण जिथे तिची खरी गरज आहे तिथेच ती फसते. म्हापशाचं वाक्य आठवा. 'अ मॅन दे सेड हॅड स्टोलन थ्री स्कूटर्स' हे 'हू' गाळूनही अगदी बरोबर इंग्रजी आहे, आणि तरी गाळलेला शब्द कर्ताच आहे. इंग्रजी मध्ये घुसलेल्या 'दे सेड'च्या आधाराने कर्तासुद्धा गाळू देते. या खुणेवर विसंबलेला माणूस इथे हमखास 'हूम' लिहितो. तेव्हा 'से', 'थिंक', 'बिलीव्ह' दिसलं की ही खूण बाजूला ठेवून 'ही–हिम'ची किंवा 'ज्याने–ज्याला'ची चाचणीच लावावी.

## शंका राहिली तर?

दोन चुका सारख्या नाहीत. 'हूम' हवा होता आणि 'हू' लिहिला, तर वाचणाऱ्याला ते साधं बोलणं वाटतं आणि तो पुढे जातो. 'हू' हवा होता आणि 'हूम' लिहिला, तर मात्र नियम दाखवायला गेलं आणि नियमच चुकला, हे जाणकाराच्या लगेच लक्षात येतं. म्हणून खात्री नसेल तेव्हा 'हू'. 'टू', 'विथ', 'ऑफ' यांच्या लगेच पुढची जागा तेवढी अपवाद, आणि तिथेही पुढे कर्त्याविना क्रियापद उभं नाही ना, हे बघून घ्यायचं.

छापायला जाणाऱ्या मजकुरात मात्र खात्री करून घेण्यापेक्षा वाक्य फिरवणं कधीकधी बरं पडतं. म्हापशाची बातमी अशी लिहिता येते: 'पोलीस अरेस्टेड अ मॅन अँड अक्यूज्ड हिम ऑफ स्टीलिंग थ्री स्कूटर्स.' 'हू' नाही आणि 'हूम'ही नाही. मात्र इथे 'सेड'चं 'अक्यूज्ड' झालं, म्हणजे पोलिसांनी नुसतं सांगितलं नाही तर आरोप ठेवला असा अर्थ झाला. तसं घडलं नसेल तर हे वाक्य वापरता येणार नाही. मग 'ॲकॉर्डिंग टू द पोलीस, ही हॅड स्टोलन थ्री स्कूटर्स' असं वेगळं वाक्य करावं, किंवा मूळ वाक्य ठेवून 'हूम'चा 'म' काढावा.